हस्ताक्षराचा वेग, लेखनाचा ओघ

संगणकाच्या युगात मुलांना कित्ता गिरवायला का लावावे, असा प्रश्न अनेक पालकांना पडतो. अमेरिकेत २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासक्रम निकषांत टंकलेखनाचा समावेश होता. जोडअक्षरी वळणदार लेखनाचा मात्र नव्हता. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २०२३ साली कायदा करून पहिली ते सहावीच्या वर्गांसाठी ते पुन्हा सक्तीचे केले.

या वादात सुंदर अक्षराचा मुद्दा दुय्यम आहे. खरा प्रश्न आहे तो अक्षर किती सहज उमटते याचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षराचे वळण आठवावे लागत असेल, तर त्याचे सारे लक्ष तिथेच खर्च होते आणि मनात जुळलेले वाक्य हातून निसटते.

स्टीव्ह ग्रॅहम, कॅरेन हॅरिस आणि बार्बरा फिंक या संशोधकांनी २००० साली हे तपासून पाहिले. लेखनात मागे पडण्याची शक्यता असलेल्या पहिलीच्या ३८ मुलांपैकी काहींना त्यांनी प्रत्येकी १५ मिनिटांचे २७ पाठ दिले. सारख्या वळणाची अक्षरे एकत्र घेतली होती. मूल क्रमांकित बाण पाहून अक्षर गिरवी, मग नक्कल करी आणि आपण काढलेल्यांपैकी सर्वांत चांगल्या अक्षराभोवती वर्तुळ काढी. त्यानंतर एक वाक्य वेळ लावून उतरवायचे आणि पुढच्या पाठात आधीपेक्षा किमान तीन अक्षरे अधिक लिहायची. उरलेल्या मुलांना तेवढाच वेळ उच्चारांतील ध्वनी ओळखण्याचे पाठ दिले गेले. हस्ताक्षराचे पाठ घेतलेल्या गटाचे अक्षर तर सुधारलेच, शिवाय स्वतःचा मजकूर लिहिण्याचा ओघही वाढला. सहा महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता.

अर्थात, हा प्रयोग लहान होता आणि इंग्रजी लिपीपुरता होता. देवनागरीच्या अडचणी वेगळ्या आहेत. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी उच्चारला जातो, पण कागदावर वेलांटी त्याच्या डावीकडे येते. इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी दाबावी लागते. म्हणजे टंकलेखन हाही स्वतंत्र सराव आहे. कळ शोधत बसणाऱ्या मुलाचे विचारही तसेच तुटतात.

आपल्या मुलाची अडचण नेमकी कुठे आहे, हे घरीही पाहता येते. शाळेतील एखादा प्रसंग त्याला आधी तोंडी सांगू द्यावा, मग तोच लिहायला सांगावा. तोंडी दहा वाक्ये सांगणारे मूल कागदावर दोनच लिहून थांबले आणि मध्येच अक्षर कसे काढायचे म्हणून अडले, तर कल्पनेची उणीव नाही. हाताला सराव कमी पडतो आहे. अक्षर न अडता शब्दाच्या लेखनात चुका होत असतील, तर उपाय निराळा. पहिल्या प्रकारच्या मुलाला पानभर गिरवायला लावण्यापेक्षा रोज दहा-पंधरा मिनिटे, दोन-तीन अक्षरे नमुना झाकून आठवणीने लिहायला द्यावीत आणि लगेच त्यांचेच शब्द, वाक्ये लिहून घ्यावीत.