अल्कोहोलला न जुमानणारा बीजाणू

२०२० साली बंगळूरमधील दुकानांच्या दारांत आणि रुग्णालयांच्या खाटांशेजारी सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या. कर्नाटक-महाराष्ट्रातील आसवन्याही या कामाला लागल्या. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या कृतीत ८० टक्के इथेनॉल आणि थोड्या ग्लिसरॉलसोबत ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. हे पेरॉक्साइड हातांसाठी नसते. कच्च्या मालातून किंवा बाटलीतून द्रावणात शिरलेले जिवाणूंचे बीजाणू मारण्यासाठी ते घातलेले असते, कारण ते काम अल्कोहोलला जमत नाही.

ही मर्यादा जुनीच आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये अँथ्रॅक्सचे बीजाणू अल्कोहोलमध्ये दीर्घकाळ बुडवून ठेवले, तरी ते जिवंत राहिले. अल्कोहोल पेशीचे पटल विरघळवते आणि प्रथिनांची घडी मोडते. प्रथिनांची घडी मोडायला मात्र पाणी लागते. बीजाणूच्या गाभ्यात पाणी अत्यल्प असते, तेथे कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल दाटीने भरलेले असते आणि बाहेर प्रथिनांची अनेक पदरी कवचे असतात. हल्ला व्हावा असे त्यात फारसे काही उघडे नसते.

१९३५ मध्ये अमेरिकेत हॉल आणि ओ'टूल यांना नवजात बालकांच्या विष्ठेत एक जिवाणू आढळला. तो वाढवणे कष्टाचे होते, म्हणून त्याला ‘डिफिसिलिस’ हे नाव मिळाले. बालके निरोगी असल्यामुळे पुढे चार दशके त्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

१९७४ मध्ये सेंट लुईस येथे टेडेस्को आणि सहकाऱ्यांनी क्लिंडामायसिन दिलेल्या २०० रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी ४२ जणांना अतिसार झाला आणि २० जणांच्या मोठ्या आतड्यावर पांढरट-पिवळे पापुद्रे दिसले. दोष औषधाचा वाटत होता. मात्र १९७७-७८ मध्ये जॉन बार्टलेट यांच्या गटाने हॅम्स्टरवरील प्रयोगांतून, आणि ब्रिटनमधील संशोधकांनी स्वतंत्रपणे, खरा कर्ता शोधला. तो होता विष स्रवणारा तोच दुर्लक्षित जिवाणू. २०१६ मध्ये त्याचे नामकरण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल असे झाले.

प्रतिजैविक येथे आजार घडवत नाही, तर वाट मोकळी करते. निरोगी आतड्यातील जिवाणू यकृतातून येणाऱ्या पित्ताम्लांचे असे रूपांतर करतात की सी. डिफिसिलची वाढ रोखली जाते. प्रतिजैविकाने हे शेजारी मेले की मूळ पित्ताम्ले साचतात, आणि त्यांतील टॉरोकोलेट बीजाणूला अंकुरण्याचा संकेत देते. अंकुरलेला जिवाणू विष सोडतो, अतिसार होतो आणि विष्ठेतून असंख्य नवे बीजाणू खाटेच्या कठड्यावर, बेडपॅनवर व परिचारिकेच्या हातांवर जातात. १९८१ च्या एका अभ्यासात रुग्णालयाच्या फरशीवर असे बीजाणू पाच महिने टिकलेले आढळले.

अशा हातांवर अल्कोहोल चोळल्याने काय होते, हे २००९ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मोजले. त्यांनी दहा स्वयंसेवकांच्या हातांना विष न बनवणारा सी. डिफिसिल लावला आणि स्वच्छतेच्या निरनिराळ्या पद्धती तपासल्या. काहीच न करण्याच्या तुलनेत साधा साबण व कोमट पाणी यांनी संख्या २.१४ लॉगने घटली. अल्कोहोलने केवळ ०.०६ लॉगने. हे आकडे उलगडून पाहावेत. हातावर एक लाख बीजाणू असतील, तर साबण-पाण्यानंतर सुमारे ७०० उरतील आणि अल्कोहोलनंतर सुमारे ८७,०००.

साबणही बीजाणूला मारत नाही. घर्षणाने तो त्वचेपासून सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणजे काम यांत्रिक आहे. अल्कोहोल हातावरच वाळते, त्यामुळे काही वाहून जात नाही. शिवाय उरलेले ७०० बीजाणूही नगण्य नव्हेत. म्हणून अशा रुग्णाला हात लावण्यापूर्वी हातमोजे घालणे, ते उतरवल्यावर साबण-पाण्याने हात धुणे आणि खाट व शौचालय सोडियम हायपोक्लोराइटने पुसणे, ही साखळी लागते. हायपोक्लोराइट बीजाणूचे ऑक्सिडीकरण करते, पण पृष्ठभाग काही मिनिटे ओला राहिला तरच. पुसून लगेच कोरडा केला तर ते काम अर्धवट राहते.

याचा अर्थ अल्कोहोल निरुपयोगी आहे असा नव्हे. बीजाणू न बनवणाऱ्या बहुतेक जिवाणूंवर आणि मेदाचे आवरण असलेल्या विषाणूंवर ते झपाट्याने काम करते, आणि गजबजलेल्या वॉर्डात हात धुण्याच्या बेसिनपेक्षा ते जवळ असते. प्रतिजैविक घेतल्यानंतर अतिसार झालेल्या रुग्णाच्या खाटेपाशी मात्र परिचारिकेला त्या बाटलीवर विसंबून पुढच्या खाटेकडे जाता येत नाही. तिला नळापर्यंत जावेच लागते.