धावताना लागणारी धाप : कारण छातीत की घशात?
१५ वर्षांची एखादी धावपटू ८०० मीटरच्या अखेरच्या वळणावर गळा आवळल्यासारखा होऊन थांबते. श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो. पाच मिनिटांत ती सावरते. दम्याचा पंप येथे निरुपयोगी ठरतो, कारण श्वास घेताना तिचे स्वरतंतू उघडण्याऐवजी जवळ येतात. धावतानाच दुर्बिणीने घसा तपासल्यास हा दोष दिसतो.

श्वासनलिका आकसल्यास त्रास बहुधा थांबल्यानंतर ५ ते १० मिनिटांत वाढतो, श्वास सोडताना छातीत घरघर होते. व्यायामानंतर पहिल्या सेकंदात सोडलेली हवा किमान १० टक्क्यांनी घटल्यास निदानास पुष्टी मिळते.

सराव अपुरा असल्यास धाप श्रमाच्या प्रमाणात लागते, आवाज येत नाही आणि दोन्ही तपासण्या निर्दोष येतात. मात्र, पहिले दोन विकार एकत्रही आढळतात.