ई-७ चे आठ दिवस : नोंदींच्या तक्त्यातून उडणारा पक्षी

१/
सन १८९९. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी साळुंकीच्या जातकुळीतील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घालण्यास आरंभ केला. कड्यामुळे पक्ष्याच्या प्रवासाचे दोन बिंदू कळत : तो कुठे पकडला आणि पुढे कुठे सापडला. मधली वाट मात्र अंधारातच राही.

२/
तो अंधार उपग्रहांनी दूर केला. १९७८ साली आर्गोस यंत्रणा सुरू झाली. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढी आणि दूर जाणारीची उतरती ऐकू येते. तसाच पक्ष्यावरील प्रक्षेपकाच्या लहरींत पडणारा फरक मोजून उपग्रह त्याचे स्थान ठरवतो. १९८९ मध्ये झुव्हांतँ आणि वाइमर्सकिर्श या फ्रेंच संशोधकांनी याच मार्गाने अल्बट्रॉसचा सागरी प्रवास टिपला.

३/
मग आली ई-७. ही बार-टेल्ड गॉडविट जातीची, म्हणजे पाणटिवळ्यांच्या कुळातील मादी. २००७ च्या आरंभी न्यूझीलंडमध्ये तिच्या शरीरात प्रक्षेपक बसवण्यात आला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ती अलास्काहून निघाली आणि सुमारे ११,६८० किमी अंतर ८.१ दिवसांत तोडून न्यूझीलंडला उतरली. वाटेत कुठेही न थांबता! हा निष्कर्ष निघाला कसा, हे तिचा प्रवास नकाशावर चालता करू पाहिल्यास उत्तम उमगते.

४/
अशा नोंदींच्या तक्त्यात मुख्यतः तीन रकाने असतात : वेळ, रेखांश, अक्षांश. नोंदी समान अंतराने येत नाहीत. चलच्चित्राच्या चौकटी मात्र समान अंतरानेच लागतात. समजा, एक नोंद ६ वाजताची आणि पुढची १४ वाजताची आहे. ८ वाजताच्या चौकटीत पक्षी त्या वाटेच्या एक-चतुर्थांशावर दाखवावा लागतो. दर तासाला एक चौकट धरली, तर ई-७ चे सुमारे १९४ तास, सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने, आठ सेकंदांत सरतात.

५/
पहिला घोटाळा प्रशांत महासागराच्या मध्यावर होतो. अलास्काचे रेखांश पश्चिम, म्हणून ऋण. न्यूझीलंडचे पूर्व, म्हणून धन. फिजीच्या आसमंतात ई-७ ने १८० वे रेखावृत्त ओलांडले. एक नोंद −१७९ आणि दुसरी +१७९ असेल, तर त्यांची सरासरी शून्य येते. शून्य रेखांश ग्रिनिचमधून जातो! पडद्यावर पक्षी क्षणात अर्धी पृथ्वी ओलांडताना दिसला, की हा दोष ओळखावा. उपाय एका ओळीचा :

```
if lon < 0: lon += 360
```

आता १८१ आणि १७९ यांची सरासरी १८० येते आणि वाट सलग राहते. मात्र नकाशाही प्रशांत महासागर मध्यभागी ठेवूनच काढावा लागतो.

६/
वेळेचेही तसेच. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच स्थानिक तारीख एका दिवसाने पुढे सरकते. म्हणून सर्व नोंदी एकाच जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात. अन्यथा चित्रात पक्षी एक दिवस हवेत थिजलेला दिसेल.

७/
दुसरा घोटाळा चुकीच्या स्थानांचा. आर्गोस प्रत्येक स्थानाला दर्जा देते. उत्तम दर्जाच्या स्थानातील चूक २५० मीटरहून कमी असते, हलक्या दर्जाची स्थाने अनेक किलोमीटर चुकू शकतात. यावर वेगाची कसोटी लावतात. ई-७ चा सरासरी वेग ताशी ६० किमी होता. एखाद्या नोंदीपर्यंत पोहोचण्यास ताशी ३०० किमी वेग लागत असेल, तर ती नोंद वगळलेली बरी.

८/
आता खरा प्रश्न. बॅटरी वाचवण्यासाठी प्रक्षेपक अधूनमधून बंद राहतो. त्या मौनात ती एखाद्या बेटावर उतरली नसेल कशावरून? समजा, दोन नोंदींत ३६ तासांचे अंतर आहे. ताशी ६० किमीने २,१६० किमी होतात. त्यातले १२ तास तिने विसावा घेतला असता, तर उरलेल्या २४ तासांत तेवढेच अंतर कापण्यास ताशी ९० किमी वेग लागला असता. सरासरी कुठेच घसरत नाही, म्हणजे लांबच्या मुक्कामाला जागाच उरत नाही. शिवाय ही जात समुद्राच्या पाण्यावर विसावणारी नव्हे.

९/
मात्र चलच्चित्र हा भेद लपवते. उपग्रहाने टिपलेला बिंदू आणि गणिताने भरलेली वाट, दोन्ही पडद्यावर सारख्याच सफाईने सरकतात. म्हणून जाणकार नकाशाकार खऱ्या नोंदी ठळक ठिपक्यांनी आणि भरलेली वाट फिकट रेषेने दाखवतात. मॉर्टेन्सन यांच्या दोन बिंदूंमधील अंधार पुष्कळ आक्रसला आहे. जिथे तो उरला आहे, ती जागा ही फिकट रेषा दाखवते.