बाइटक्रम : बिग-एंडियन आणि लिटल-एंडियन

एकाहून अधिक बाइटांची संख्या स्मृतीत किंवा फाइलीत ठेवताना तिचे बाइट ज्या क्रमाने मांडले जातात, तो बाइटक्रम. सर्वांत मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी येत असेल, तर क्रम बिग-एंडियन; सर्वांत लहान स्थानमूल्याचा आधी येत असेल, तर लिटल-एंडियन. 640 ही संख्या हेक्स पद्धतीत `0x280` अशी लिहितात. चार बाइटांत ती बिग-एंडियन क्रमाने `00 00 02 80` आणि लिटल-एंडियन क्रमाने `80 02 00 00` अशी दिसते. उलटतात ते बाइट. प्रत्येक बाइटमधले आठ बिट जागचे हलत नाहीत. एका बाइटची मूल्ये आणि `PNG` यांसारखी आस्की अक्षरे यांना बाइटक्रम लागूच होत नाही.

नाव आणि वापर. ही नावे डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 च्या लेखात रूढ केली. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणारे दोन पक्ष स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये आहेत, त्यांच्यावरून ती घेतली. इंटेलच्या एक्स86 घराण्यातील प्रोसेसर लिटल-एंडियन, तर मोटोरोला 68000 बिग-एंडियन आहे. फाइलीचा क्रम मात्र ती वाचणाऱ्या यंत्रावर अवलंबून नसतो, तो फाइलीच्या स्वरूपात ठरलेला असतो. पीएनजीमधील संख्या सर्वत्र बिग-एंडियन असतात, बीएमपीमधील लिटल-एंडियन. टिफ दोन्ही क्रम चालवते आणि पहिल्या दोन बाइटांतच क्रम सांगते : `II` म्हणजे लिटल, `MM` म्हणजे बिग. पुढच्या दोन बाइटांत 42 ही संख्या येते, म्हणजे अनुक्रमे `2A 00` किंवा `00 2A`. सांगितलेल्या क्रमाने वाचून 42 न आल्यास कुठेतरी चूक आहे.

हेडरवरून खात्री. आपण क्रम बरोबर धरला आहे का, हे पाहण्यासाठी उत्तर आधीच माहीत असलेले क्षेत्र शोधावे. 640 × 480 आकाराच्या पीएनजी चित्राचे पहिले 24 बाइट असे असतात :

```
$ xxd -g 1 -l 24 a.png
00000000: 89 50 4e 47 0d 0a 1a 0a 00 00 00 0d 49 48 44 52
00000010: 00 00 02 80 00 00 01 e0
```

पहिले आठ बाइट ही ओळखखूण. त्यानंतरची चार बाइटांची संख्या म्हणजे `IHDR` या पहिल्या खंडातील माहितीची लांबी, आणि ती नेहमी 13 असते. `00 00 00 0d` बिग-एंडियन धरून वाचल्यास 13 येतात, लिटल-एंडियन धरल्यास 21,81,03,808. इथेच निकाल लागतो. मग सोळाव्या स्थानापासूनची रुंदी आणि उंची त्याच क्रमाने निर्धास्त वाचता येते. पायथनमध्ये हे असे :

```
import struct
h = open('a.png', 'rb').read(24)
print(struct.unpack('>II', h[16:24]))   # (640, 480)
```

`>` म्हणजे बिग-एंडियन, `<` म्हणजे लिटल-एंडियन. चिन्हच दिले नाही तर चालू यंत्राचा क्रम धरला जातो आणि एक्स86 वर रुंदी 2,14,76,14,720 येते.

बीएमपीत हे काम फाइलीचा आकार करतो. त्याच मापाच्या, प्रत्येक बिंदूला 24 बिट असलेल्या साध्या बीएमपीचा आकार 9,21,654 बाइट होतो, आणि `42 4d` या खुणेनंतर तो `36 10 0e 00` असा लिहिलेला असतो. `ls -l` ने दाखवलेल्या आकाराशी तो लिटल-एंडियन वाचनानेच जुळतो. उलटा वाचल्यास नव्वद कोटींच्या वर जातो.

फसवे प्रसंग. अवाढव्य आकडा दिसला की चूक लगेच कळते, पण दोन बाइटांच्या क्षेत्रात ती लपू शकते. `01 02` हे एका क्रमाने 258, दुसऱ्याने 513. चित्राची रुंदी म्हणून दोन्ही पटण्याजोगे. `01 01` तर कसेही वाचले तरी 257 च. म्हणून चाचणीच्या फाइलीत दोन्ही बाइट वेगळे येतील अशी माहीत मापे घ्यावीत.

दुसरी फसगत साधनाची. पर्याय न देता चालवलेली `hexdump` ही आज्ञा दोन-दोन बाइटांची संख्या करून ती यंत्राच्या क्रमाने छापते. त्यामुळे एक्स86 वर पीएनजीची सुरुवात `5089 474e` अशी दिसते आणि फाइलच लिटल-एंडियन असल्याचा भास होतो. `hexdump -C` किंवा `xxd` बाइट फाइलीतल्या क्रमानेच दाखवतात.

मर्यादा. एका क्षेत्रावरून केलेली खात्री अख्ख्या फाइलीला लागू पडेलच असे नाही. जेपेगमधील खंडांची लांबी बिग-एंडियन असते, पण त्यातील एक्झिफ माहितीची रचना टिफसारखी असते आणि ती `II` ने सुरू होऊ शकते. अशा फाइलीत त्या भागापुरता क्रम बदलावा लागतो आणि तो संपताच पुन्हा बिग-एंडियनवर यावे लागते.