निवेदकाचे नाव (प्रथमपुरुषी कथन)

‘मी’ने सांगितलेल्या कथा-कादंबरीत त्या ‘मी’ला नाव द्यावे की अनामिक ठेवावे, हा लेखकाला सुरुवातीलाच घ्यावा लागणारा निर्णय. तृतीयपुरुषी कथनात पात्राचे नाव पहिल्या वाक्यात सहज येते. ‘मी’ मात्र स्वतःला नावाने हाक मारत नाही. त्याचे नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून, पत्राच्या मायन्यातून, हजेरीपटातून किंवा पोलिसाच्या जबाबातून यावे लागते. म्हणून नाव द्यायचे ठरले की ते कोणाकडून येणार हेही ठरवावे लागते, आणि टाळायचे ठरले की अशी प्रत्येक जागा सांभाळावी लागते.

कोलकात्याच्या सियालदह स्थानकाजवळून हावडा पुलाकडे जाणाऱ्या हॅरिसन रोडवर (आजचा महात्मा गांधी रोड) या निर्णयाचे एक ठळक उदाहरण सापडते. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा सत्यान्वेषी ब्योमकेश बक्षी या रस्त्यावर राहतो आणि त्याच्या बहुतेक कथा सोबत राहणारा अजित बंद्योपाध्याय सांगतो. गुप्तहेराच्या सोबत्याने कथा सांगण्याची ही रीत एडगर अॅलन पो यांनी 1841 मध्ये सुरू केली. त्यांच्या द्यूपँचा सोबती शेवटपर्यंत अनामिक आहे. 1887 मध्ये कॉनन डॉइल यांनी त्या जागी डॉ. वॉटसनला आणले. त्याला नाव दिले, पेशा दिला, युद्धातली जखम दिली. अजित वॉटसनच्या घराण्यातला आहे.

1932च्या सुमारास लिहिलेल्या ‘सत्यान्वेषी’ या कथेत नावाचा उपयोग फार कौशल्याने झाला आहे. अजित एका मेसबाडीत, म्हणजे नोकरदार आणि विद्यार्थी पुरुषांनी मिळून राहण्या-जेवण्याच्या बिऱ्हाडात, राहत असतो. तिथे अतुलचंद्र मित्र नावाचा एक गरजू तरुण येतो. खोली रिकामी नसल्याने अजित त्याला आपल्याच खोलीत जागा देतो. पुढे कळते की अतुल हाच ब्योमकेश. गुप्तहेराचे नाव खोटे आणि सांगणाऱ्याचे खरे, अशी ही मांडणी आहे. वाचकाच्या हाती एकच पक्के नाव असते, ते अजितचे, आणि त्याच्याइतकाच वाचकही फसतो. इथे निवेदक अनामिक असता तर एक जण नाव लपवतो आणि दुसऱ्याचे नाव कळतच नाही, असे झाले असते. मग वाचकाने संशय निवेदकावरही घेतला असता आणि कथेचा भर भलतीकडे गेला असता.

नाव दिले की निवेदक कथेतला रहिवासी होतो. त्याला चुकता येते, रुसता येते, त्याची थट्टा होऊ शकते आणि त्याला कथेबाहेरही काढता येते. शरदिंदूंनी अखेरच्या काही कथा अजितशिवाय, तृतीयपुरुषात लिहिल्या. तेव्हा तो पुस्तकांच्या धंद्यात गुंतला आहे असे कारण पुरेसे झाले. नाव, घर, व्यवसाय असलेल्या माणसाला असा निरोप देता येतो. निनावी आवाज मधूनच थांबला तर वाचकाला कथाच तुटल्यासारखी वाटते.

पण भारतीय भाषांत नाव फुकट मिळत नाही. ‘बंद्योपाध्याय’ म्हटले की बंगाली वाचकाला जात कळते, ‘मित्र’ म्हटले की वेगळी जात कळते. मराठीत तर आडनावाबरोबर कित्येकदा गावही येते. ही माहिती एकदा वाचकाच्या मनात शिरली की पुढचे प्रत्येक वाक्य तो त्या उजेडात वाचतो. कथेला ती हवी असेल तर आडनाव द्यावे, नको असेल तर नुसते पहिले नाव पुरते. ‘अजितबाबू’ या संबोधनात माणूस कळतो आणि आडनाव मागे राहते. केवळ ‘निवेदकाला नाव हवे’ म्हणून आडनावासकट पूर्ण नाव देणे ही मोठी चूक आहे, कारण लेखकाने न ठरवलेला अर्थ त्यातून कथेत येतो.

कोलकात्याच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध मेसमध्ये उलट निर्णय दिसतो. प्रेमेंद्र मित्र यांच्या घनादाच्या कथा (पहिली 1945) बनमाली नस्कर लेनमधल्या मेसमध्ये घडतात. शिबू, शिशिर, गौर यांना नावे आहेत. सांगणारा मात्र दीर्घकाळ निनावी राहतो, त्याचे सुधीर हे नाव फार पुढे कळते. याचे कारण रचनेत आहे. या कथांत दोन ‘मी’ आहेत. बाहेरचा मेसमधला, आणि आतला घनादा, जो आपल्या अचाट सफरी स्वतःच सांगतो. घनश्याम दास हे नाव त्या आतल्या कथेत परदेशी पात्रांच्या तोंडी वाजत राहते. बाहेरच्या ‘मी’लाही तितकेच ठसठशीत नाव असते तर दोघे एकमेकांच्या आड आले असते. नाव नसल्यामुळे तो ‘आम्ही’मध्ये विरघळतो आणि वाचकाला त्या टोळक्यात बसायला जागा मिळते.

रवींद्रनाथांच्या ‘काबुलीवाला’त (1892) अनामिकतेचे काम याहून खोल आहे. मुलगी मिनी, काबुली रहमत. सांगणारा लेखक-बाप मात्र अनामिक, आणि रहमतच्या दृष्टीने तो फक्त ‘बाबू’. कोलकात्यातला सुस्थित गृहस्थ आणि अफगाण फेरीवाला यांच्यात जात, धर्म, पैसा असे सगळेच अंतर आहे. शेवटी त्यांच्यात उरते ते दोघांचे बाप असणे. निवेदकाला नाव-आडनाव दिले असते तर ते अंतर दर पानावर बोलत राहिले असते.

मराठीत अनामिक ‘मी’ पूर्ण झाकला जात नाही. बंगाली क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच सांगणारा पुरुष की स्त्री हे उघड होते. ‘मी पत्र वाचले’ अशा कर्माप्रमाणे चालणाऱ्या रूपांत ते लपते, पण फार काळ नाही. म्हणजे नाव न देताही मराठी निवेदक वाचकाला काहीतरी देऊन बसतो. दुसऱ्या बाजूने मराठी घरात अनामिक राहणे सोपे आहे, कारण मामा, वहिनी, दादा, सूनबाई या हाकांवर कुटुंबातली सगळी संभाषणे निभतात. ‘बनगरवाडी’तल्या (1955) निवेदकाला गाव ‘मास्तर’ म्हणते आणि ते पूर्ण खरे वाटते.

अडचण कचेरी, शाळा, दवाखाना, पोलीस चौकी अशा जागी येते, कारण तिथे पहिला प्रश्न नावाचाच असतो. अनामिकता फसते आहे का हे ओळखायची पद्धत साधी आहे. खर्डा घेऊन प्रत्यक्षात कोणी नाव उच्चारले असते अशा सगळ्या जागांवर खूण करावी. तिथला संवाद हाकेशिवायही स्वाभाविक वाटला तर नावाची गरज नाही. पण ‘तिने माझे नाव घेतले’, ‘मी माझे नाव सांगितले’ अशी वळसा घालणारी वाक्ये पुन्हापुन्हा येऊ लागली की वाचक कथा सोडून नाव शोधू लागतो. दाफ्ने द्यू मोरिए यांच्या ‘रिबेका’त (1938) हेच मुद्दाम केले आहे. मृत पहिल्या पत्नीचे नाव घरभर घुमते आणि जिवंत दुसरीला नावच मिळत नाही. तिथे नावाचा अभाव हा कादंबरीचा विषयच आहे. तसे काही साधायचे नसेल तर खुणा केलेल्या जागांपैकी सर्वांत पहिल्या जागी, दुसऱ्या पात्राच्या तोंडून, एकदा नाव येऊ द्यावे. ते जितके उशिरा येईल तितका वाचक त्याला उलगडा समजतो, आणि सुधीरप्रमाणे उशिरा येऊनही ते नाव साधे राहायचे असेल तर तोवर वाचकाला त्याची उणीव भासलेली नसावी लागते.