वायदा करार (परकीय चलन)

परकीय चलनाचा वायदा करार म्हणजे ठरावीक रकमेचे परकीय चलन पुढील ठरावीक दिवशी, आजच निश्चित केलेल्या दराने विकण्याचा किंवा विकत घेण्याचा निर्यातदार अथवा आयातदार आणि बँक यांच्यातील करार होय. व्यवहारात त्याला 'फॉरवर्ड' असेही म्हणतात. भारतात असे करार परकीय चलनाचा व्यवहार करण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने दिलेल्या बँकांमार्फत होतात.

गरज

सोलापूरचे टेरी टॉवेल निर्यात होतात. सूत, मजुरी व वीज यांचा खर्च कारखानदार रुपयांत करतो. किंमत मात्र बहुधा डॉलरमध्ये ठरते आणि पैसे काही महिन्यांनी मिळतात. दरम्यान रुपया वधारल्यास हाती कमी रुपये येतात. 2007 साली डॉलरचा दर सुमारे 44 रुपयांवरून 40 च्या खाली आला, तेव्हा निर्यातदारांना हा फटका बसला.

दर कसा ठरतो

वायद्याचा दर म्हणजे बँकेचे भाकीत नव्हे; तो दोन देशांतील व्याजदरांच्या फरकातून निघतो. समजा, आजचा दर 83 रुपये असून रुपयावरील व्याज डॉलरवरील व्याजापेक्षा वर्षाला दीड टक्का अधिक आहे. तीन महिन्यांसाठी हा फरक सुमारे 30 पैसे होतो, म्हणून वायद्याचा दर 83.30 रुपयांच्या आसपास असतो. या वाढीला 'प्रीमियम' म्हणतात.

उदाहरण

एका कारखानदाराला 50,000 डॉलर तीन महिन्यांनी मिळायचे आहेत. मागणीपत्र दाखवून तो ते 83.30 रुपये दराने बँकेला विकण्याचा करार करतो. मुदतीच्या दिवशी बाजारभाव काहीही असला, तरी त्याला 41,65,000 रुपये मिळतात. भाव 82 रुपयांवर उतरल्यास त्याचे 65,000 रुपये वाचतात. 85 वर चढल्यास 85,000 रुपयांचा संभाव्य लाभ हुकतो.

मर्यादा

करार दराची जोखीम घालवतो, ग्राहकाची नव्हे. ग्राहकाने पैसे दिलेच नाहीत, तरी डॉलर देण्याचे बंधन कायम राहते. अशा वेळी करार त्या दिवशीच्या भावाने रद्द होतो. वरील उदाहरणात भाव 85 रुपये असल्यास प्रत्येक डॉलरमागे 1.70 रुपये, म्हणजे एकूण 85,000 रुपये, कारखानदाराला बँकेला भरावे लागतात. शिवाय शुल्क वेगळे. पैसे केवळ लांबले, तर जुना करार रद्द करून नव्या मुदतीचा करार चालू दराने केला जातो, आणि रद्द करताना होणारा फरक तेव्हाच चुकता करावा लागतो.

2013 मध्ये मे ते ऑगस्ट या काळात डॉलर सुमारे 54 रुपयांवरून 68 च्या पुढे गेला. इतक्या वेगाने रुपया घसरत असताना करार रद्द करावा लागणे फार महाग पडते. म्हणूनच जी रक्कम येण्याची खात्री आहे तेवढ्याच रकमेचा करार करणे आणि मुदत ठरवताना ग्राहकाची पैसे देण्याची सवय विचारात घेणे आवश्यक ठरते.