रोज मरणारं ॲप

मंडळी, आजची गोष्ट हेरोकूची. २०११ च्या सुमारास या कंपनीचे एक संस्थापक ॲडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप’चे बारा नियम लिहून काढले. हजारो लोकांची ॲप्स चालवताना जे दिसलं, त्यातून ते आले.

मला त्यांचा पाया एकच वाटतो: प्रोसेस कधीही मरू शकते. हेरोकूवर ॲप ज्या डब्यात चालतं तो डायनो, आणि तो साधारण २४ तासांतून एकदा आपोआप रीस्टार्ट होतो. डिस्कवर लिहिलेलं तेव्हा पुसलं जातं. म्हणजे युजरचा फोटो लोकल फोल्डरमध्ये ठेवलात, तर उद्या गायब. क्रॅश वगैरे काही नाही, नुसती तुटलेली इमेज. म्हणून फोटो बाहेरच्या स्टोरेजमध्ये, सेशन रेडिसमध्ये, लॉग फाइलऐवजी थेट `stdout` वर, आणि डेटाबेसचा पत्ता कोडऐवजी `DATABASE_URL` मध्ये.

मरायचीही पद्धत आहे बरं का! आधी `SIGTERM` येतो, मग ३० सेकंद मिळतात, तरी प्रोसेस चालूच असेल तर `SIGKILL`. समजा, वर्कर दोन मिनिटांचं बिलाचं काम करतोय. `SIGTERM` आला की त्याने हातातलं काम रांगेत परत टाकायचं. दुसरा वर्कर ते पहिल्यापासून करेल. पण बिलाचा ईमेल आधीच गेला असेल तर? ग्राहकाला दोन ईमेल. म्हणून पाठवण्याआधी ऑर्डर नंबरवरून डेटाबेसमध्ये नोंद बघायची. ईमेल गेला आणि नोंद व्हायच्या आतच प्रोसेस मेली, तर मात्र दुसरा ईमेल जाणारच. ती फट हे बारा नियम बुजवत नाहीत.